कपाटाचा हिशोब : ५४ फूट, २२४ फूट, ३०० फूट

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

जुळे सोलापूरच्या घरातल्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट आज भिंतीपासून ओढलं. मागच्या पत्र्याला खालून हातभर गंज चढलाय आणि दोन ठिकाणी बोट आरपार जातं. त्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आलं की बॅरल, बादल्या, घागरी सगळं काठोकाठ भरायचं. त्यामुळे बाथरूमची फरशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळत नाही, आणि ओल भिंतीतून इकडे येते.

लोखंडी भंगारात जाईल. त्या जागी सुतारी कपाट करायचं. रुंदी ६ फूट, उंची ७ फूट, वर छताला भिडणारा २ फुटांचा लॉफ्ट, खोली २ फूट. कपाटाची डावी बाजू भिंतीला टेकते. उजवी उघडी राहणार, दारातून आत येताना तीच आधी दिसते. या उजव्या बाजूवरून पुढे रामायण होणार हे आज माहीत नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन फर्निचरवाले येऊन माप घेऊन गेले. दोघांचाही भाव ‘विथ मटेरियल’, फुटावर.

पहिला म्हणाला, १,४५० रुपये फूट. दुसरा म्हणाला, १,१५०. दुसऱ्याचं बोलणं गोड, चहाही मागून घेतला. आई लगेच म्हणाली, “तीनशेचा फरक आहे रे, ह्यालाच दे.” समोरून ६ गुणिले ९, म्हणजे ५४ फूट. तीनशेच्या हिशोबाने १६,२०० वाचतात.

मी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बेअरिंग घेतानासुद्धा नंबर बघितल्याशिवाय भाव मान्य करत नाही. ‘फूट’ म्हणजे कशाचा फूट, ते विचारायचं दोघांनाही राहून गेलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फोन करून विचारलं. पहिल्याचं उत्तर : समोरून उंची गुणिले रुंदी, बस. आतले कप्पे, ड्रॉवर, बाजू सगळं त्यातच.

दुसऱ्याचं उत्तर : “साहेब, जे दिसतं ते मोजायचं.” मी म्हटलं, मग उजवी बाजू? “ती दिसते ना साहेब, तिला सनमायका लागतो.” ती बाजू ९ फूट उंच आणि २ फूट खोल, म्हणजे १८ फूट. ५४ अधिक १८, झाले ७२ फूट. ७२ गुणिले १,१५० म्हणजे ८२,८००. पहिल्याचे ५४ गुणिले १,४५०, ७८,३००.

स्वस्तवाला साडेचार हजारांनी महाग निघाला. यात त्याची लबाडी नाही, बाजू मोजायची पद्धत आहेच काही जणांची. न विचारता तुलना केली ही चूक माझी. आईला सांगितलं तर म्हणाली, “मग चहा कशाला पाजला?”

पण अजून दोन्ही आकडे हवेतच आहेत. ५४ फुटांच्या कपाटात नक्की किती प्लाय जातो, किती सनमायका, किती बिजागऱ्या, हे कळल्याशिवाय १,४५० जास्त की कमी हे ठरवता येणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

कारखान्यातल्या एकाच्या ओळखीने शेळगीकडचे एक मिस्त्री आले. वय साठीच्या आसपास, फक्त मजुरीवर काम करतात, मटेरियल मालकाने आणायचं. मजुरी ३८० रुपये फूट, समोरून मोजून, बाजू मोजत नाहीत. त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून कापणीचा कागद केला. हा कागद म्हणजे या सगळ्या उद्योगातला खरा कामाचा भाग, म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय.

प्लायची शीट ८ फूट लांब, ४ फूट रुंद, म्हणजे ३२ फूट. कपाटाची खोली २ फूट असल्यामुळे शीट उभी मधोमध कापली की २ फूट रुंदीच्या, ८ फूट लांबीच्या दोन पट्ट्या मिळतात. सगळा सांगाडा या पट्ट्यांतून निघतो.

उभ्या तीन : दोन बाजू आणि मधलं पार्टिशन, प्रत्येकी ७ फूट. तीन पट्ट्या गेल्या, प्रत्येकीतून फूटभर तुकडा उरला. आडव्या तीन : तळ, कपाटाचं डोकं (तोच लॉफ्टचा तळ), आणि लॉफ्टचं छत, प्रत्येकी ६ फूट. अजून तीन पट्ट्या, प्रत्येकीतून २ फुटांचा चौकोन उरला. लॉफ्टला उभ्या तीन लागतात, २ बाय २ च्याच. हे तिन्ही चौकोन तिथे बसले. मिस्त्री गालात हसले. मग कप्पे सहा, ३ फुटांचे : डावीकडे चार, उजवीकडे कपडे टांगायच्या जागेवर एक आणि ड्रॉवरच्या वर एक. एका पट्टीतून दोन, म्हणजे आणखी तीन पट्ट्या. एकूण नऊ पट्ट्या, साडेचार शीट.

शटर चार, दीड फूट रुंद आणि ७ फूट उंच. ४ फूट रुंदीच्या शीटमधून दीड-दीडचे दोन निघतात, फूटभर रुंदीची लांब पट्टी उरते. दोन शीट. लॉफ्टची चार छोटी शटरं उरलेल्या अर्ध्या शीटमधून. एकूण बरोबर सात शीट.

ड्रॉवर दोन. त्यांच्यासाठी मी १२ एमएमची एक शीट लिहिली होती, ती मिस्त्रींनी खोडली. “शटरच्या पट्ट्या उरत्यात, फुटाफुटाचे तुकडे उरत्यात. त्यातच निघतंय की मालक. जरा जड होतील, चॅनल पेलतंय.”

पाठीमागे ६ एमएम. ३ बाय ७ च्या दोन, प्रत्येकी एका शीटमधून. लॉफ्टची पाठ आणि ड्रॉवरचे तळ तिसऱ्या शीटमधून.

वापरात येणाऱ्या १८ एमएमच्या तुकड्यांची बेरीज ड्रॉवर सोडून १८० फूट. विकत घ्यायचा प्लाय २२४ फूट. म्हणजे कपाटाच्या समोरच्या एका फुटामागे चार फुटांहून जास्त प्लाय. आणि हे प्रमाण आतल्या रचनेवर अवलंबून आहे. सहाऐवजी तीन कप्पे केले तर दीड पट्टी कमी लागते, पण फुटावर भाव देणाऱ्याचा भाव तोच राहतो. विथ मटेरियलवाल्याला म्हणूनच टांगायची जागा मोठी ठेवायला आवडते.

२ डिसेंबर, मंगळवार

कामावरून सुटल्यावर दोन दुकानं पालथी घातली. १८ एमएमचे भाव जीएसटी धरून असे मिळाले : एमआर ६८ रुपये फूट, बीडब्ल्यूआर ९५, आणि आयएस ७१० वाला मरीन १२५.

एमआरला बाजारात ‘कमर्शियल’ म्हणतात. एमआर म्हणजे ओलसर हवा सोसणारा. त्याचा गोंद पाण्यात भिजत पडायला केलेलाच नसतो. बीडब्ल्यूआर उकळतं पाणी काही काळ सोसतो. हे दोन्ही आयएस ३०३ खाली येतात. आयएस ७१० च्या प्लायची परीक्षा ७२ तास उकळून घेतात. सगळा फरक मुख्यतः गोंदाचा. दुकानदार मात्र तिन्हींना ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो. एका दुकानात ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून दाखवलेल्या शीटवर शिक्का बघितला, तर ३०३ एमआर.

२२४ फुटांवर फरक काढला. एमआरवरून बीडब्ल्यूआरला गेलं तर ६,०४८ रुपये जास्त, तिथून ७१० ला गेलं तर अजून ६,७२०. समोरच्या फुटामागे बघितलं तर आधी ११२ आणि मग १२४ रुपये. पहिली पायरी पटते, कारण भिंतीला ओल आहे. दुसरी मला पटत नाही. ओल वरून धो-धो येत नाही, आणि आलीच तर ७१० लावूनही सनमायका सुटेल. भिंतच आधी दुरुस्त करायला हवी.

बीडब्ल्यूआर ठरलं.

३ डिसेंबर, बुधवार

दुकानातून एमआर आणि बीडब्ल्यूआरचा काड्यापेटीएवढा एकेक तुकडा मागून आणला होता. जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. बायको म्हणाली, “गॅसचा हिशोब धरलाय का कपाटात?” नव्हता धरला.

सव्वा तासात एमआरच्या कडेला थर उलगडायला लागले, सुरीचं टोक सहज आत गेलं. बीडब्ल्यूआर चार तासांनंतर कडांना फुगला होता, पण थर धरून होते. सुरी घातली तर लाकूड तुटलं, जोड सुटला नाही. ओळखायची खूण हीच, सुरीला गोंद सुटतो की लाकूड तुटतं.

पण या प्रयोगाने त्या तुकड्याचा गोंद कळला, एवढंच. मधल्या थरात पोकळ्या आहेत का ते कळत नाही, आणि ट्रकमधून येणारी शीट याच लॉटची असेल असंही नाही. शीटवर छापलेला `CM/L` ने सुरू होणारा नंबर मोबाईलवर BIS Care ॲपमध्ये टाकून पाहिला. कंपनीचं नाव आणि आयएस ३०३ दोन्ही जुळलं.

६ डिसेंबर, शनिवार

सनमायकाचा हिशोब केला आणि जरा गप्प बसलो.

बाहेरून १ एमएम. शटरं ५४ फूट आणि उघडी बाजू १८ फूट. कागदावर मांडलं तर तीन शीटमध्ये बसतं.

आतून ०.८ एमएमचा पांढरा लायनर. उभ्या बाजूंची आतली अंगं आणि पार्टिशनच्या दोन्ही बाजू मिळून ५६, लॉफ्टच्या १६, आडव्यांच्या ४८, कप्पे वरून-खालून ७२, शटरची आतली बाजू ५४, पाठ ५४. एकूण ३०० फूट. समोरून ५४ फूट दिसणाऱ्या कपाटाच्या पोटात ३०० फूट सनमायका जातो. वाया जाणारा धरून ११ शीट, ६५० रुपयांनी ७,१५०. वर फेविकॉल : एका शीटला किलोभर तरी जातो, म्हणजे सनमायकालाच पंधराएक किलो, बाकी जोडांना. २० किलोचा डबा.

आणि इथेच फुटाचा भाव गुपचूप खाली येतो. दुसऱ्या फर्निचरवाल्याला मुद्दाम फोन करून विचारलं, आतून सगळीकडे मायका का? “आतून दिसेल तिथे साहेब. कप्प्याच्या खालून कोण बघतं? पाठीला कलर मारतो.” प्लाय? “कमर्शियल, चांगला.” बिजागऱ्या? “ऑटोच्या.” सॉफ्ट क्लोज नाहीत.

मग त्याचं कपाट माझ्या भावांनी मांडून पाहिलं. एमआर प्लाय, साधी पाठ, तीन शीट लायनर कमी, साध्या बिजागऱ्या : मजुरी धरून ६१,५०० च्या आसपास येतं. तो बाजूसकट ८२,८०० मागत होता. पहिल्याच्या यादीत बीडब्ल्यूआर, आतून सगळीकडे लायनर आणि सॉफ्ट क्लोज आहे. तेच कपाट मी मटेरियल आणून मिस्त्रींकडून केलं तर ७२,५६० पडतं. तो ७८,३०० मागतो. पावणेसहा हजारांत तो खरेदी, टेम्पो, कटकट सगळं बघणार. खरं सांगायचं तर त्याचा भाव वाजवी होता.

तरीही काम मिस्त्रींना द्यायचं ठरवलं. प्लाय स्वतः बघून घ्यायचा होता, आणि कागदाची ती कापणी बघितल्यावर दुसऱ्या कुणाला द्यायला मन होईना.

माझा अंदाज, पुढे जुळवून बघायला : १८ एमएम प्लाय २१,२८०, ६ एमएम ४,३२०, बाहेरचा सनमायका ४,३५०, लायनर ७,१५०, फेविकॉल ४,६००, एज बँड १,४००, स्क्रू-खिळे १,२००, हार्डवेअर ६,९४०, टेम्पो ८००, मजुरी २०,५२०. बेरीज ७२,५६०. फुटाला १,३४४.

७ डिसेंबर, रविवार

मिस्त्री म्हणाले, शटरला प्लाय नको, ब्लॉक बोर्ड घ्या. ७ फूट उंच शटर प्लायचं केलं तर वर्षभरात धनुष्य होण्याची भीती असते. बोर्डात आत लाकडाच्या पट्ट्या लांबीने असतात, तो सरळ राहतो. पण स्क्रू पट्टी आणि पट्टीच्या फटीत गेला तर धरत नाही, म्हणून बिजागरीची जागा ते ठोकून बघून घेतात. मोठ्या शटरांपुरत्या दोन शीट बोर्डाच्या, बाकी पाच प्लायच्या. बोर्ड ८८ रुपये फूट, म्हणजे ४४८ रुपये वाचले, पण कारण ते नाही.

आणखी एक त्यांनी बजावलं : शटरला बाहेरून सनमायका लावला तर आतून लावायलाच हवा. एकाच अंगाला लावला की सनमायका सुकताना त्या अंगाला ओढतो. “आतून कलर मारतो म्हणणारा भेटला तर हात जोडा त्याला.”

९ डिसेंबर, मंगळवार

सनमायका निवडायला बायको आणि आई दोघी आल्या. अक्रोडाच्या रंगाचा, उभ्या रेघांचा ठरला. दिसायला छान. १,४५० ची शीट.

घरी येऊन कागद पुन्हा मांडला आणि घोळ दिसला. माझ्या तीन शीटच्या मांडणीत लॉफ्टची शटरं आडवी टाकून कापली होती, त्यामुळे २ बाय २ चा तुकडा उरत होता आणि तो लॉफ्टच्या उघड्या बाजूला जात होता. साधा रंग असता तर चाललं असतं. आता रेघा उभ्याच हव्यात. लॉफ्टची शटरं उभी कापली की चार शटरं ८ फुटांची पट्टी अख्खी खातात. तुकडा उरत नाही. फूटभर रुंदीच्या पट्ट्या उरतात, पण त्या दोन जोडून लावल्या तर बरोबर दारातून दिसणाऱ्या बाजूला मधोमध जोड येतो.

चौथी शीट घ्यावी लागणार. रेघांची किंमत १,४५० रुपये. बायकोला सांगितलं नाही, वहीत लिहून ठेवलं.

१३ डिसेंबर, शनिवार

माल आला. टेम्पो गल्लीत उभा असतानाच व्हर्नियर घेऊन खाली गेलो. हमाल हसत होता, “साहेब, लाकूड हाय, बेअरिंग न्हाय.”

तीन प्लाय १७.५, १७.६, १७.४. चालतं, १८ एमएमला पाच टक्के इकडेतिकडे मान्यच असतं. उरलेले दोन १६.३. चार कोपऱ्यांत मोजलं, चारही ठिकाणी तेच. शिक्का मात्र १८ चा. बिजागरीच्या वाटीला साधारण १२ एमएम खोल खड्डा करावा लागतो. १६.३ मध्ये तो केला तर लॉफ्टच्या शटरला मागे चार एमएमच उरतात. शिवाय पार्टिशन १७.५ चं आणि कप्पा १६.३ चा असला की जोडावर पायरी दिसते, ती एज बँड लपवत नाही.

दुकानात फोन केला. आधी ‘लॉट वेगळा असेल’, मग ‘एवढं कोण मोजतं’, मग ‘आणून द्या, बदलून देतो’. परतीच्या टेम्पोचे ४०० मलाच पडले. बदलून आलेले १७.५ निघाले. कडेला डोळा लावून पोकळ्याही बघितल्या. एकात एका ठिकाणी नखाएवढी फट होती. मिस्त्री म्हणाले तो कापणीत बाजूला जाईल, राहू द्या.

१४ डिसेंबर, रविवार

काम सुरू. मिस्त्री आणि त्यांचा भाचा. गड्ड्याच्या यात्रेच्या आधी संपवायचं असं त्यांनीच सांगितलंय, कारण त्या आठवड्यात मी तुम्हाला दिसणार नाही म्हणाले. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत त्यांच्या घरचे नंदीध्वजाबरोबर चालतात.

बाथरूमकडच्या भिंतीचं टाइल्सच्या फटीतलं ग्राउट गेल्या आठवड्यात पुन्हा भरून घेतलंय. तरी कपाटाची पाठ भिंतीला चिकटवली नाही. मागे दोन सूत पट्ट्या मारून फट ठेवली, आणि तळाशी ३ इंचांची पट्टी, म्हणजे फरशी पुसताना पाणी थेट प्लायला लागणार नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

सांगाडा उभा राहिला. बिजागऱ्यांची पिशवी उघडली आणि मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. “सगळ्या झिरोच आणल्या काय?”

हो, २४ च्या २४. मोठ्या शटराला चार-चार, लॉफ्टच्या शटराला दोन-दोन, हा हिशोब बरोबर होता. पण बिजागरीची मान सरळ की वाकडी, हे बघितलंच नव्हतं. दोन्ही टोकांची शटरं बाजूच्या अख्ख्या जाडीवर बसतात, त्यांना झिरो क्रँक, म्हणजे सरळ मानेची. मधल्या पार्टिशनवर मात्र दोन शटरं शेजारी-शेजारी येतात आणि एकाच १८ एमएमची निम्मी-निम्मी जाडी वाटून घेतात. तिथे झिरो लावली तर दोन्ही शटरं एकमेकांवर चढतील. त्यांना आठ नंबर, अर्धवट वाकलेली मान. माझ्या कपाटात १२ झिरो आणि १२ आठ. शटर बाजूंच्या आत बुडवून बसवायचं असतं तर सोळा नंबर लागली असती.

बेअरिंगचा नंबर बघणारा माणूस मी. संध्याकाळी जाऊन बदलून आणल्या, किंमत तीच होती.

बाकी हार्डवेअर असं : सॉफ्ट क्लोज बिजागरी १४० ला एक, साधी ऑटो ६५ ला मिळत होती. २४ वर १,८०० चा फरक. शटर दणकन आपटत नाही एवढ्यासाठी द्यावेत का, यावर घरात दोन मतं होती. आईची दुपारची झोप याच खोलीत असते, तिचं मत चाललं. ड्रॉवरच्या चॅनलला मात्र सॉफ्ट क्लोज घेतलं नाही. २० इंची साधे टेलिस्कोपिक, ४५० ला जोडी. चॅनल प्रत्येक बाजूला अर्धा इंच खातो, म्हणून ड्रॉवरचा खोका जागेपेक्षा नेमका एक इंच अरुंद करायचा. भाच्याने पहिला खोका दोन सूत जास्त अरुंद केला होता, तो प्लायची चिपटी मारून भरून काढला.

२१ डिसेंबर, रविवार

सनमायका लावून झाला. एक लायनर शीट अख्खी उरली, न कापलेली, ती परत दिली. दुकानदाराने कुरकुर न करता घेतली.

२७ डिसेंबर, शनिवार

काम संपलं, माप झालं. भिंत ओळंब्यात नसल्यामुळे कपाट ठरल्यापेक्षा थोडं वाढलंय : ६ फूट १ इंच रुंद, ९ फूट १ इंच उंच. टेपने मोजलं तर सव्वा पंचावन्न फूट होतं. बऱ्याच ठिकाणी इथे अर्ध्या फुटावर ढकलून साडेसहा गुणिले साडेनऊ करतात आणि ६२ फुटांचं बिल हातात येतं. मिस्त्री म्हणाले, “५४ ठरलं हुतं, ५४ द्या.” मी ५५ चे दिले. त्यांनी पैसे मोजले नाहीत, नुसते खिशात घातले.

शेवटचा हिशोब : अंदाज ७२,५६०. चौथ्या सनमायकाचे १,४५० वाढले, परतीच्या टेम्पोचे ४००, वाढलेल्या एका फुटाचे ३८०. बोर्डामुळे ४४८ आणि परत दिलेल्या लायनरचे ६५० कमी. एकूण ७३,६९२. ५५ फुटांवर १,३४० रुपये फूट पडला.

पहिल्या फर्निचरवाल्यापेक्षा ४,६०८ वाचले. त्यासाठी चार रविवार आणि दोन अर्ध्या दिवसांच्या रजा गेल्या. गॅस धरलेला नाही.

जाताना मिस्त्रींनी मधलं डावं शटर उघडून बिजागरीचे दोन स्क्रू दाखवले. पुढचा स्क्रू फिरवला की शटर डावी-उजवीकडे सरकतं, मागचा सैल केला की आत-बाहेर. पावसाळ्यात शटरं एकमेकांना घासायला लागतील तेव्हा पुढचा अर्धा आटा फिरवायचा, रंधा कुणाला मारू द्यायचा नाही. स्क्रूड्रायव्हर वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.